सहकाऱ्याची मदतीची लिंक आली आणि पैसे द्यायचे नाहीत: नाही कसं म्हणायचं?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी डिपॉझिट कसं साठवायचं ते बघितलं. त्यावर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारला. "सर, महिन्याचं गणित बसवलं, पण ऑफिसमधल्या माणसाने वडिलांच्या उपचारासाठी क्राउडफंडिंगची लिंक पाठवली. दिले तर हप्ता मोडतो, नाही दिले तर कंजूस ठरतो. काय करू?" आज फक्त यावरच बोलू.

आधी एक फरक समजून घ्या. आपल्याकडे वर्गणी नवीन नाही. गणपतीची पावती घेऊन मुलं दारात येतात, तेव्हा बिल्डिंगमध्ये साधारण कोण किती देतं हे सगळ्यांना माहीत असतं. कमी द्यायचं असेल तर "यंदा एवढंच घ्या" म्हणता येतं आणि विषय संपतो. लग्नाच्या पाकिटाचंही तसंच. लिंकचं तसं नाही. केट्टो, मिलाप, इम्पॅक्टगुरू अशा प्लॅटफॉर्मवर आजाराची माहिती असते, किती हवे आणि किती जमले ते दिसतं, खाली देणाऱ्यांची नावं आणि रकमा दिसतात. नाव लपवायची सोय असते, पण ऑफिसच्या ग्रुपमध्ये कोणी दिले हे साधारण कळतंच. म्हणजे देण्याची रीत तयार आहे, नाही म्हणायची रीत मात्र कोणी शिकवलेली नाही. म्हणून माणसं एक तर मनाविरुद्ध देतात, नाही तर मेसेज बघून गप्प बसतात.

एक उदाहरण घेऊ

समजा तुम्ही वसई पूर्वेला, वालीवच्या एका कारखान्यात पॅकिंग विभागात आहात. पगार 26,000. नालासोपाऱ्यात भाड्याने गाळा घेऊन मोबाइल ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचंय. डिपॉझिट 1,00,000 लागणार आहे. 64,000 जमलेत, दर महिन्याला 6,000 बाजूला पडतात. म्हणजे अजून सहा महिने. मदत, वर्गणी, लग्नाची पाकिटं यासाठी महिन्याला 600 रुपये वेगळे ठेवलेत. या महिन्यात एका लग्नात 501 गेले. उरले 99.

आणि सहा वर्षं शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याची लिंक येते. वडिलांची बायपास आहे, 5 लाख हवेत. स्क्रीनवर 1,000, 2,500 आणि 5,000 अशी बटणं आहेत.

पहिली पायरी: लिंक उघडण्याआधी आकडा बघा. फोटो आणि रिपोर्ट वाचल्यावर आकडा ठरवायला गेलात तर तुम्ही ठरवत नाही, ती स्क्रीन ठरवते. आपल्याकडे या महिन्याचे 99 आहेत. डिपॉझिटच्या 64,000 ला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेलं आहे.

इथे कोणी विचारेल, मग 99 तरी का नाही द्यायचे? द्यावेसे वाटत असतील तर नक्की द्या. कमी दिले म्हणून लाजायचं कारण नाही. पण "यादीत नाव दिसू दे, म्हणजे सुटलो" एवढ्यासाठी देत असाल तर सुटका होत नाही. पुढच्या अपडेटला पुन्हा तोच प्रश्न येतो, आणि या वेळी तुम्ही "देणारा" म्हणून यादीत असता. आपल्या उदाहरणात आपण न द्यायचं ठरवलं असं धरू, कारण शिकायचंय ते नाही म्हणणं.

"पैसे नाहीत" हे का बोलायचं नाही

बहुतेक जण हेच बोलतात. "अरे सध्या खूप टाइट आहे रे." ऐकायला सोपं आहे. पण आपल्या उदाहरणात पुढे काय होतं ते बघा. सहा महिन्यांनी तुमच्या दुकानाचं ओपनिंग आहे. फुगे लावलेत, फित कापायची आहे, स्टेटसला फोटो आहेत. आणि पहिलं आमंत्रण कोणाला? त्याच सहकाऱ्याला. तो पेढा खाताना मनात हिशोब लावणारच: वडिलांच्या वेळी याच्याकडे लाखभर होते. तुम्ही पैसे दिले नाहीत याचं त्याला तेवढं वाईट वाटणार नाही. खोटं बोललात याचं मात्र वाटेल. ज्याला उद्या लोकांच्या विश्वासावर दुकान चालवायचंय, त्याला हे परवडत नाही.

मग खरं कारण सांगायचं का? "दुकानासाठी साठवतोय म्हणून देत नाही." हे खरं आहे, पण तेही नको. कारण दिलं की तुलना सुरू होते. एका पारड्यात त्याच्या वडिलांचं हृदय, दुसऱ्यात तुमचा गाळा. ते वजन कोणालाच करायचं नसतं, पण तुम्ही त्याला करायला लावलंत. शिवाय तो सहज म्हणू शकतो, "अरे, हजारच दे, एका महिन्याने काय फरक पडतो?" आता तुमच्या बचतीवर ग्रुपमध्ये चर्चा होणार.

खोटं नाही आणि कारणही नाही, मग काय बोलायचं? "मला या वेळी पैशाची मदत करणं जमणार नाही." एवढंच. "नाहीत" आणि "जमणार नाही" यात मोठा फरक आहे. "नाहीत" हे तुमच्या खिशाबद्दलचं विधान आहे, ते उद्या खोटं ठरू शकतं. "जमणार नाही" हा तुमचा निर्णय आहे. तो आजही खरा आणि ओपनिंगच्या दिवशीही खरा.

उधारीपेक्षा हे वेगळं कसं, तेही बघून ठेवा. दुकानदार गिऱ्हाइकाला उधारी नाकारतो तेव्हा अट सांगतो, "मागचं क्लिअर करा, मग पुढचं देतो." तिथे अट सांगणं बरोबर आहे, कारण तो व्यवहार आहे. मदतीच्या अपीलला अट लावली की समोरच्याला चौकशीला बसवल्यासारखं होतं. "आधी खर्चाचं कोटेशन दाखव", "विमा का नव्हता काढला?", "एवढं महाग हॉस्पिटल कशाला निवडलं?" यातला एकही प्रश्न देणार नसलेल्या माणसाने विचारायचा नाही. शंका असेल तर देऊ नका, पण न देण्याचं ओझं त्याच्या वडिलांच्या आजारावर टाकू नका.

मेसेज असा लिहा

ग्रुपमध्ये नकार लिहायचा नाही. ग्रुपवर फक्त तब्येतीबद्दल एक ओळ लिहा आणि नकार वैयक्तिक मेसेजवर कळवा, शक्यतो त्याच दिवशी. उशीर झाला की त्याला वाटतं विचार चालू आहे. "बघतो", "पगार झाल्यावर सांगतो" हे तर बिलकुल नको. ज्याला शुक्रवारी हॉस्पिटलात पैसे भरायचे आहेत, तो तुमचं "बघतो" हिशोबात धरतो. नाही कळलं तर तो दुसरीकडे तरी विचारेल.

मेसेजमध्ये चार गोष्टी, याच क्रमाने: तुम्ही वाचलंत हे कळू द्या, माणसाबद्दल बोला, स्पष्ट नाही म्हणा, आणि तुम्ही खरंच करू शकता अशी एक गोष्ट सांगा.

"दादा, लिंक पूर्ण वाचली. काकांच्या ऑपरेशनचं वाचून काळजी वाटली, आणि गेले आठ दिवस तुझी धावपळ बघतोच आहे. मला या वेळी पैशाची मदत करणं जमणार नाही, तुला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून सरळ सांगतोय. शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळी 9 ते 2 मी हॉस्पिटलमध्ये थांबतो, तू घरी जाऊन झोप काढ. चालेल का?"

यात "सॉरी" एकदाही नाही, कारण तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. तीन-चार वेळा माफी मागितली की तुमची समजूत काढायचं काम त्याच्यावर येतं, आणि तो आधीच दमलेला आहे. शेवटच्या ओळीत दिवस आणि वेळ आहे. "काही लागलं तर सांग" यात काहीच नाही, कारण असं ऐकून कोणी काही मागत नाही.

वयाने मोठ्या किंवा कमी ओळखीच्या व्यक्तीला थोडं आखडतं लिहा:

"ताई, तुमचा मेसेज वाचला. बाबांना लवकर आराम पडू दे. मला यात पैशाने सहभागी होता येणार नाही, हे लगेच कळवतोय. या आठवड्यात तुमचं सकाळचं डिस्पॅचचं रजिस्टर मी भरतो, तुम्ही त्याची काळजी करू नका."

पैशाऐवजी काय देता येतं

हा भाग तोंडदेखला असेल तर समोरच्याला लगेच कळतं. म्हणून एकच गोष्ट निवडा आणि ती करा. वेळ, ऑफिसचं काम, डबा, गाडीवरून सोडणं, ही सगळ्यात उपयोगी मदत. मोठ्या ऑपरेशनला हॉस्पिटल बऱ्याचदा रक्तदाते आणायला सांगतं, तिथे तुम्ही स्वतः जाऊ शकता. लिंक पुढे पाठवायची असेल तर एक लक्षात ठेवा: तुम्ही पाठवलेली लिंक लोक तुमच्या शब्दावर उघडतात. माणूस आणि आजार तुम्हाला स्वतःला माहीत असेल तरच पाठवा. आणि "शेअर करतो" म्हणालात तर नक्की करा.

दुसरी मदत माहितीची, पण ही जपून करायची. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण देते. हृदयाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया त्यात बसतात. पण ती योजनेशी जोडलेल्या हॉस्पिटलातच चालते आणि उपचाराआधी मंजुरी घ्यावी लागते. योजना कॅशलेस आहे. आधी बाहेर बिल भरलं आणि नंतर योजनेकडे पैसे मागितले, असं होत नाही. म्हणून हे ऑपरेशनच्या आधीच बघायला हवं. जोडलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारायचं. तसंच धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचे कागद लागतात.

आता हेच कसं बोलता यावर सगळं अवलंबून आहे. "अरे, सरकारी योजना आहे ना, मग लिंक कशाला टाकलीस?" ही त्याच मिनिटाला झालेली बेअब्रू आहे. कदाचित त्यांनी विचारलं असेल, कदाचित ते हॉस्पिटल योजनेत नसेल, कदाचित रात्री दोनला जे जवळ होतं तिथे नेलं असेल. त्याऐवजी काम अंगावर घ्या: "तुम्ही आरोग्यमित्राला भेटलात का? नसेल तर रेशन कार्ड आणि रिपोर्टची झेरॉक्स दे, मी उद्या जाऊन विचारून येतो." माहिती तीच, पण पहिल्या वाक्याने तो चुकीचा ठरतो आणि दुसऱ्याने त्याचा एक फेरा वाचतो. वेळ नसेल तर हा विषय काढूच नका.

पुन्हा विचारलं तर

आठवड्याने ग्रुपमध्ये अपडेट येईल: "अर्धी रक्कम जमली, अजून मदत हवी." ते सगळ्यांसाठी आहे, त्याला पुन्हा नकार कळवायची गरज नाही. पण त्याने तुम्हाला एकट्याला गाठून विचारलं, "पाचशे तरी?", तर तेच वाक्य आणखी छोटं करून सांगा: "दादा, पैशाचं नाही जमणार रे. शनिवारी मी येतोय, ते पक्कं आहे." नवीन कारण काढू नका. दर वेळी नवीन कारण दिलं की त्याला वाटतं, हे एक कारण दूर केलं की काम होईल. मग घासाघीस सुरू होते. आणि घासाघिशीनंतर दिलेले पाचशे कोणालाच गोड लागत नाहीत.

खरा घोटाळा नकारानंतर होतो. नाही म्हणणारा माणूस तोंड चुकवायला लागतो. डबा दुसऱ्या टेबलावर खातो, 6:10 ची सोडून 6:25 ची ट्रेन पकडतो. समोरच्याला पैसे न मिळाल्याचं विसरायला होतं, पण वाईट काळात टाळलं हे तो विसरत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसा आणि आधी तुम्हीच विचारा, "काका जेवतायत का? कोणत्या वॉर्डमध्ये आहेत?" पैशाचा विषय तुम्ही काढायचा नाही.

कारण आजाराचं नसेल तेव्हा

कधी लिंक शॉर्ट फिल्मची असते, कधी मुलीच्या परदेशातल्या नृत्यस्पर्धेची. इथे जीभ घसरायची शक्यता जास्त. "लोक आजारपणाला मागतात, तू फिल्मला मागतोस?" असं बोललात तर पैसेही वाचतात आणि माणूसही जातो. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे खोटं कौतुक. "काय भारी आयडिया आहे, एकदम जबरदस्त!" असं लिहिलंत तर त्याचं पुढचं वाक्य ठरलेलं: "मग दे ना!" इथे मेसेज लहान ठेवा: "लिंक बघितली. तू दोन वर्षं या फिल्मच्या मागे आहेस हे मला माहीत आहे. मी यात पैसे घालणार नाहीये. फिल्म झाली की बघायला मात्र बोलव." फिल्मला पैसे मागणं योग्य की अयोग्य, यावर एक अक्षर नाही. तो निर्णय त्याचा, पैशाचा निर्णय तुमचा.

दुकान सुरू झाल्यावर

उद्या तुम्ही मालक झालात आणि दुकानातल्या मुलाने लिंक पाठवली, तर मेसेजवर नाही म्हणू नका, समोर बसवून बोला. मालकाचा नकार जड लागतो, त्याला नोकरीची भीती वाटते. तिथे देणगी आणि पगाराची उचल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. "देणगी जमणार नाही, पण 5,000 उचल देतो, महिना 1,000 पगारातून कापू" असं म्हणायचं तर ते कागदावर लिहा, दोघांनी सही करा. आणि तुम्ही स्वतः कोणाला मदत दिलीत तर ती दुकानाच्या खर्चात दाखवता येत नाही. तुमच्या एकट्याच्या मालकीच्या दुकानात ती मालकाची उचल धरली जाते. देणगीची करसवलत मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशांवर मिळू शकते, एखाद्या व्यक्तीच्या खात्यात टाकलेल्या पैशांवर नाही. म्हणून गल्ल्यातून नको, मदतीसाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशांतूनच द्या.

आजचा गृहपाठ

वहीत तीन गोष्टी लिहा. महिन्याला मदतीसाठी किती बाजूला ठेवणार तो आकडा. तुमच्या तोंडात बसेल अशा शब्दांत नकाराचं एक वाक्य, ज्यात "पैसे नाहीत", "बघतो" आणि "सॉरी" हे तिन्ही नसतील. आणि या महिन्यात तुम्ही खरंच देऊ शकता अशी एक बिनपैशाची मदत, दिवस आणि वेळेसकट. ते वाक्य दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा. म्हणताना अडखळलात तर त्यात अजून एखादं कारण लपलेलं आहे, ते काढून टाका.

पुढच्या भागात गाळ्याच्या भाडेकरारात कोणती कलमं नीट वाचायची ते बघू. भेटूया!